कानाने लिहिलेलं इंग्रजी

हार्डवेअरच्या दुकानातून किंवा छापखान्यातून मिळालेल्या छापील बिलाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत ‘ई. अँड ओ. ई.’ असं काहीतरी असतं. आपण ते कधी वाचत नाही. त्याचं पूर्ण रूप ‘एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड’. म्हणजे चुका आणि राहून गेलेल्या गोष्टी वगळून हे बिल खरं धरावं. आकडेमोडीत गफलत झाली असेल तर ती दुरुस्त करण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो. आपल्या जुन्या हिशेबातलं ‘चू. भू. द्या. घ्या.’ जवळपास हेच काम करतं. पण काही बिलांवर ही अक्षरं उलगडून छापताना ‘एक्सेप्टेड’ऐवजी ‘ॲक्सेप्टेड’ छापलेलं दिसतं. सुरुवातीच्या ई-एक्सच्या जागी ए-सी आलं, बाकी सगळं तसंच. अर्थ मात्र उलटा झाला. ‘चुका वगळून’ असं म्हणायचं होतं, छापलं गेलं ‘चुका मान्य’.

इंग्रजी लिहिताना अशा जोड्या आपल्याला सतत अडवतात. ॲक्सेप्ट म्हणजे स्वीकारणं आणि एक्सेप्ट म्हणजे वगळून, सोडून. लूझ म्हणजे गमावणं, हरणं. लूस म्हणजे ढिला, सुटा. आणि तिसऱ्या जोडीत दोन्हींचा उच्चार ‘इलिसिट’च: ई-वरून सुरू होणारं म्हणजे समोरच्याकडून काढून घेणं, आय-वरून सुरू होणारं म्हणजे बेकायदा. या चुकांची खोड अशी की संगणकाची लाल रेघ बहुतेक वेळा त्यांच्याखाली उमटत नाही. रेघ उमटते ती शब्दकोशात नसलेल्या शब्दाखाली. इथे चुकीचा शब्दही खरा शब्दच असतो, फक्त त्या वाक्यातला नसतो.

या जोड्या सारख्या दिसतात म्हणून गोंधळ होतो असं सहसा सांगितलं जातं. वाचताना ते खरंही असेल, पण लिहिताना माणूस डोळ्याने लिहित नाही. मनातल्या मनात शब्द उच्चारतो आणि कानाला जे ऐकू येतं ते हात उतरवतो. मराठी लिहिताना ही सवय फार उपयोगी पडते, कारण देवनागरीत बोललेलं आणि लिहिलेलं बऱ्यापैकी जुळतं. इंग्रजीत तीच सवय फसवते. त्यातून मराठी माणसाच्या कानात या शब्दांचे जे उच्चार बसलेत, ते इंग्रजीतले नाहीतच.

लूझ आणि लूस ही जोडी घ्या. इंग्रजीत या दोन शब्दांमध्ये उच्चाराचा फरक अगदी स्वच्छ आहे. गमावणं या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी घोष ध्वनी आहे, आपल्या ‘जर’मधल्या ज-च्या जवळचा. ढिला या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी साधा ‘स’ आहे. म्हणजे इंग्रजाला निदान कानाने तरी हे शब्द वेगळे कळतात. आपण मात्र दुसरा शब्द मराठीत घेताना त्याचा स-च बदलून टाकला. पँट ‘लूज’ होते, वायरचं कनेक्शन ‘लूज’ असतं, तेल ‘लूज’ मिळतं, पोट बिघडलं की ‘लूज मोशन’ होतात. या सगळ्या ठिकाणी खरा इंग्रजी शब्द लूस आहे. आपल्या तोंडी तो लूज झाला आणि ‘मॅच लूज करू नका’मधल्या शब्दाशी आवाजाने एकजीव झाला. त्यामुळे इंग्रजी पुस्तकातली सूचना, की ज-चा आवाज असेल तर एकच ओ लिहा, आपल्याला लागू पडत नाही. आपल्याला दोन्हीकडे ज-च ऐकू येतो.

ही एका शब्दापुरती गोष्ट नाही. शब्दाच्या शेवटी असलेल्या इंग्रजी स-चा ज करण्याकडे आपला कल दिसतो. पिक्चर ‘रिलीज’ होतो, पगार ‘इन्क्रीज’ होतो, मित्र ‘क्लोज’ असतो. इंग्रजीत रिलीस, इन्क्रीस आणि, जवळचा या अर्थाने, क्लोस. दार बंद करण्याचं क्लोझ तेवढं ज-चं. मराठी बोलताना हे उच्चार बदलायची काही गरज नाही. ते आता मराठी शब्द आहेत आणि मराठीच्या कायद्याने चालतील. पण इंग्रजी स्पेलिंग लिहायला बसल्यावर त्यांना साक्षीला बोलावू नये.

आता स्पेलिंगकडे पाहू. ढिला या अर्थाचा शब्द एल-ओ-ओ-एस-ई. गमावण्याचा शब्द एल-ओ-एस-ई. यातला दुसरा शब्द खरा खोडसाळ आहे. रोज, नोज, पोज, होज, क्लोज यांच्या रांगेत तो बसतो. त्या हिशेबाने त्याचा उच्चार ‘लोझ’ व्हायला हवा होता. होतो मात्र लूझ. ऊ ऐकू आला की मुलांनी शाळेत डबल ओ लिहायचं शिकलेलं असतं: मून, स्कूल, रूम. साहजिकच लूझलाही ते डबल ओ देतात. म्हणजे चूक करणारा नियम मोडत नसतो, नियम पाळत असतो. नियम मोडलाय तो शब्दाने.

त्यावर आणखी एक सापळा आहे आणि तो मला सगळ्यांत धूर्त वाटतो. निवडणं या अर्थाचं क्रियापद चूझ, त्यात डबल ओ. त्याचा भूतकाळ चोझ, त्यात एकच ओ. ही जोडी शाळेत घोकून घेतलेली असते. मग लूस आणि लूझ यांची स्पेलिंगं शेजारी ठेवली की ती हुबेहूब तशीच जोडी वाटते: डबल ओ-वालं वर्तमानकाळाचं, एक ओ-वालं भूतकाळाचं. मुलगा मनाशी ठरवतो की आज हरतो तेव्हा डबल ओ. प्रत्यक्षात हरण्याच्या क्रियापदाचा भूतकाळ लॉस्ट आहे आणि डबल ओ-वाल्या शब्दाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तर मग धरायचं काय? आवाजाऐवजी कुटुंब धरावं. लॉस म्हणजे तोटा, लॉस्ट म्हणजे हरवलेलं, लूझर म्हणजे हरणारा आणि लूझ म्हणजे हरणं. या चारही शब्दांत ओ एकच आहे. लॉस या शब्दात कुणी दोन ओ घालत नाही, तेव्हा त्याच्या क्रियापदातही घालू नयेत. ज्यांना यमकाने लक्षात राहतं त्यांच्यासाठी ‘हूज’ आहे, म्हणजे ‘कोणाचा’ विचारणारा शब्द. त्याच्या शेवटची ओ-एस-ई ही तीन अक्षरं आणि उच्चार दोन्ही लूझसारखेच. कोणाचा या शब्दात दोन ओ लिहिलेले मी अजून पाहिले नाहीत.

वाक्यातली कसोटी याहून सोपी. त्या जागी ‘घट्ट’ या अर्थाचा ‘टाइट’ ठेवून पाहा. विरुद्ध अर्थाचं का होईना, पण वाक्य उभं राहिलं तर तिथे ढिला शब्द हवा, दोन ओंचा. ‘द स्क्रू इज...’ इथे टाइट बसतो. ‘आय विल... द मॅच’ इथे टाइट बसत नाही, वाक्य कोसळतं. तिथे क्रियापद हवं, एका ओचं. जिमच्या फलकांवर वजन घटवा म्हणताना जे डबल ओ दिसतं, त्याला ही कसोटी लावून बघा.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी: हे शब्द सारखे दिसतात यात केवळ योगायोग नाही. दोघंही एकाच जुन्या जर्मानिक मुळातून आलेत, ज्याचा अर्थ सुटणं, वेगळं होणं. गमावण्याचा शब्द जुन्या इंग्रजीतून थेट उतरला. ढिला हा शब्द व्हायकिंग लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन वसले तेव्हा त्यांच्या नॉर्स भाषेतून आला. होमलेस, वायरलेस यांतला ‘लेस’ हाही त्यांचाच भाऊबंद. जे सुटलं ते ढिलं, जे सुटून गेलं ते गमावलेलं. भावंडंच ती, चेहरे सारखे असायचेच.

ॲक्सेप्ट-एक्सेप्टची गोष्ट वेगळी. इथे खुद्द इंग्रजाचा कानही फसतो. दोन्ही शब्दांत जोर दुसऱ्या अवयवावर, ‘सेप्ट’वर पडतो आणि पहिला स्वर इतका पुसट होतो की वेगात बोलताना दोन्ही एकसारखे ऐकू येतात. खरं तर मराठी माणसाची बाजू इथे वरचढ असायला हवी होती. बॅट आणि बेट आपण कधी मिसळत नाही. ॲ लिहायला आपल्याकडे स्वतंत्र खूण आहे. पण झालं असं की बोलण्यात आपण सर्रास ‘माझी रिक्वेस्ट एक्सेप्ट कर ना’ म्हणतो. स्वीकारण्याचा शब्द एक्सेप्ट असा रुळला. वगळण्याचा इंग्रजी शब्द मात्र मराठी बोलण्यात फारसा शिरलाच नाही, कारण ‘सोडून’ आणि ‘शिवाय’ यांनी त्याला जागा दिली नाही. म्हणजे आपल्या कानात एक्सेप्ट नावाचा एकच शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे स्वीकारणं. तो इंग्रजीत लिहायची वेळ आली की हात ई-एक्सकडे वळतो.

या जोडीवरचा उतारा मराठी शाळेत शिकलेल्याला इंग्रजी शाळेतल्यापेक्षा लवकर कळेल असं माझं मत आहे, कारण तो उपसर्ग आणि संधी यांच्यात आहे. दोन्ही शब्द लॅटिनमधले, दोघांचं मूळ एकच: ‘कापेरे’, म्हणजे घेणं. लग्नाचं रिसेप्शन आणि दुकानातली रिसीट याच मुळातून निघाली. जसं ‘हार’ या एकाच मुळाला निरनिराळे उपसर्ग लागून आहार, प्रहार, संहार असे एकमेकांशी न जुळणारे शब्द होतात, तसंच हे. ‘ॲड’ या उपसर्गाचा अर्थ ‘कडे’. ‘एक्स’चा अर्थ ‘बाहेर’, एक्झिट आणि एक्स्पोर्टमधला. स्वतःकडे घेतलं ते ॲक्सेप्ट, घोळक्यातून उचलून बाहेर काढलं ते एक्सेप्ट.

आता ‘ॲड’मधला डी गेला कुठे, असं कुणी विचारील. तो संधीत गेला. उत् आणि चार मिळून उच्चार होतं, तिथे त् पुढच्या च सारखा होऊन बसतो आणि च दोन होतात. लॅटिनमध्ये ॲडच्या डीचं तेच झालं: पुढे सी आला, डीही सी झाला. म्हणून स्वीकारण्याच्या शब्दात सी दोन आहेत, ए-सी-सी. ॲक्सेस, ॲक्सिडेंट यांतही हेच घडलं. ॲडमिटमध्ये पुढे एम होता, तिथे डी तसाच टिकला. एवढं एकदा ध्यानात आलं की दोन सी घोकावे लागत नाहीत.

वाक्यातली कसोटी इथेही आहे. स्वीकारण्याचा शब्द नेहमी क्रियापद असतो. त्याला कर्ता लागतो, त्याच्या आधी टू किंवा विल येऊ शकतं, शेवटी ईडी किंवा आयएनजी लागू शकतं. वगळण्याचा शब्द बहुतेक वेळा नामाच्या आधी येऊन त्या नामाला यादीबाहेर ठेवतो. मराठीत मनातल्या मनात ‘सोडून’ म्हणून पाहावं. जमलं तर ई-एक्स.

ॲक्सेप्ट आणि लूझ या दोन्हींची एकत्र परीक्षा कशी होते ते एका कल्पित पत्रावरून पाहू. नोकरीचा देकार आला आणि उमेदवाराने उत्तर पाठवलं: ‘आय ॲम ग्लॅड टू एक्सेप्ट युवर ऑफर. आय डू नॉट वाँट टू लूस धिस चान्स. ऑल माय पेपर्स आर रेडी ॲक्सेप्ट द रिलीव्हिंग लेटर.’ तीन वाक्यं, तिन्हींत चुका. मोठ्याने वाचलं तर तिन्ही बिनचूक वाटतात, म्हणूनच ती पुन्हा वाचूनही सुटतात.

पहिल्या वाक्यात शब्दाच्या आधी टू आहे, म्हणजे तिथे क्रियापद हवं. एक्सेप्ट क्रियापद म्हणून क्वचित वापरतात, बिलाच्या तळाशी वापरतात तसं, आणि त्याचा अर्थ वगळणं. तेव्हा उमेदवाराने आनंदाने कळवलंय की तुमचा देकार मी वगळतो. दुसऱ्या वाक्यातही टू आहे, क्रियापदच हवं. भूतकाळ करून पाहिला तर ‘आय लॉस्ट धिस चान्स’ बसतं, म्हणजे एक ओ. डबल ओ-वालाही क्वचित क्रियापद होतो, पण त्याचा अर्थ मोकळं सोडणं, बाण सोडतात तसं. ढिलं करणं म्हणायचं असेल तर इंग्रजीत ‘लूसन’ हे वेगळं क्रियापद आहे. तिसऱ्या वाक्यात ‘आर’ हे क्रियापद आधीच येऊन गेलंय. शब्दाच्या आधी टू नाही, कर्ता नाही, आणि अर्थ ‘रिलीव्हिंग लेटर सोडून सगळी कागदपत्रं तयार’ असा आहे. तिथे ई-एक्स हवं होतं. म्हणजे पहिल्या वाक्यातला शब्द तिसऱ्यात आणि तिसऱ्यातला पहिल्यात टाकला असता तर दोन्ही चुका मिटल्या असत्या. अशी अदलाबदल पुष्कळ लिखाणात आढळते. दोन्ही शब्द माहीत असतात, पण ते वाक्यात काय काम करतायत हे तपासलेलं नसतं.

उरली इलिसिटची जोडी. इथे कानाकडून काहीच अपेक्षा नको. लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये किंवा नगरमध्ये, हे दोन्ही शब्द सारखेच उच्चारले जातात. आय-वालं इलिसिट आपल्याला बातम्यांतून आणि कायद्यांतून भेटतं. हातभट्टीच्या दारूला इंग्रजी वर्तमानपत्रं इलिसिट लिकर म्हणतात. अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध 1988 मध्ये केंद्राने जो कायदा केला त्याच्या नावातच हा शब्द आहे. ई-वालं भेटतं ते बी.एड.च्या वर्गात, जिथे शिक्षकाने उत्तर स्वतः न सांगता मुलांकडून काढून घ्यावं असं शिकवतात. किंवा वैद्यकीय पुस्तकात, रुग्णाला तपासून लक्षण काढण्याबद्दल.

संधी इथेही मदतीला येते. आय-वाल्यात ‘इन’ हा नकाराचा उपसर्ग आणि ‘लिसिट’ म्हणजे परवानगी असलेलं. आपलं लायसन्स याच घराण्यातलं. उत् आणि लेख मिळून उल्लेख होताना त्-चा ल होतो, तसा इथे एन-चा एल झाला आणि एल दोन झाले. इल्लीगल, इल्लिटरेट यांचं स्पेलिंगही असंच. लायसन्स नसलेलं ते इलिसिट, आय आणि दोन एल. ई-वाल्यात उपसर्ग ‘एक्स’च आहे, पण एलच्या आधी त्याचा एक्स गळतो आणि नुसता ई उरतो. दुसरा एल कुठून येणार? म्हणून एकच. एलिमिनेटही तसंच झालं. मूळ अर्थाने ते उंबरठ्याबाहेर घालवणं आहे. ई-वाल्या इलिसिटचं मूळ भुलवून ओढण्याच्या क्रियापदात आहे आणि गंमत म्हणजे डिलिशसही त्याच मुळातलं.

इथे थोडं सांभाळावं लागतं. आय आणि दोन एल दिसले की नकारच असेल असं नाही. इल्युमिनेट किंवा इलस्ट्रेटमधला उपसर्ग नकाराचा नाही, ‘आत’ किंवा ‘वर’ या अर्थाचा आहे. त्यापेक्षा व्याकरणाची कसोटी पक्की: आय-वालं विशेषण आहे, ते कशाच्या तरी आधी येतं, दारू, व्यापार, संबंध. त्याला ईडी लागूच शकत नाही. ‘द टीचर...’ च्या पुढे शब्दाला ईडी जोडलेली असेल तर आय-ने सुरू होणारं स्पेलिंग डोळे मिटून खोडावं.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना तिन्ही जोड्या कराव्याच लागतील, कारण चूक ओळखण्याच्या प्रश्नांत असेच शब्द येतात. बाकीच्यांनी इलिसिटसाठी जीव टाकू नये. एकाच्या जागी इल्लीगल लिहिता येतं आणि दुसऱ्याच्या जागी ‘ड्रॉ आउट’ किंवा नुसतं ‘गेट’; कुणाचं काही अडत नाही. ॲक्सेप्ट, एक्सेप्ट आणि लूझ यांना मात्र रोजच्या पत्रव्यवहारात इतके सोयीचे पर्याय नाहीत. वेळ थोडा असेल तर आधी हे तीन शब्द पक्के करा, आणि पाठवण्यापूर्वी पत्र मोठ्याने वाचून तपासू नका. या तीन शब्दांपाशी थांबून अक्षरं मोजा.